साखर आत आधी शिरली कशी?

बारावीत शिकणाऱ्या एका वाचकाने पत्र पाठवले आहे. प्रश्न दोनच ओळींचा, पण पाठ्यपुस्तकाला अडचणीत आणणारा. तो विचारतो : ई. कोलाय जीवाणूला लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, आत घ्यायला परमिएज नावाचे प्रथिन लागते. ते परमिएज लॅक्टोज आत आल्याशिवाय बनत नाही, असे पुस्तक सांगते. मग पहिले लॅक्टोज आत शिरले कसे?

खरे तर त्याने अडचण अर्धीच सांगितली आहे. लॅक्टोज ऑपेरॉनचे बंधन सोडवते ते लॅक्टोज नव्हेच; सोडवते ते ॲलोलॅक्टोज, लॅक्टोजचेच थोडे वेगळ्या जोडणीचे रूप. ते तयार करते बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे विकर, आणि त्याचे जनुक परमिएजच्या जनुकाला लागूनच, त्याच ऑपेरॉनमध्ये आहे. म्हणजे बंधन सुटायच्या आधी परमिएजही हवे आणि विकरही हवे, आणि दोन्ही एकाच बंधनाखाली!

या बंधनाचे स्वरूप ज्या प्रयोगाने उलगडले, त्याच्यापासून सुरुवात करू. तो मला आजही जीवशास्त्रातल्या सर्वांत देखण्या प्रयोगांपैकी एक वाटतो. शिवाय तो ज्याच्या हातून झाला, त्याचे नाव पाठ्यपुस्तकांत सहसा नसते.

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये जाक मोनो यांच्याकडे जीवाणूंचे काही विचित्र वाण होते. साधा ई. कोलाय लॅक्टोज मिळाले तरच बीटा-गॅलॅक्टोसिडेज बनवतो. हे वाण मात्र साखर असो-नसो, ते बनवतच राहत. त्यांच्यात ‘आय’ नावाचे जनुक बिघडलेले होते. आता गाडी पुढे जायची तर एक तर ॲक्सिलरेटर दाबावा लागतो, नाही तर ओढून ठेवलेला हँडब्रेक सोडावा लागतो. ‘आय’ बिघडल्यावर यांपैकी काय होत होते? मोनोंचा कल पहिल्या पर्यायाकडे होता : बिघडलेले वाण आतल्या आत स्वतःच एखादा चेतक पदार्थ बनवत असावेत.

सप्टेंबर 1957 मध्ये बर्कलीहून आर्थर पारडी वर्षभराच्या रजेवर तिथे आले. जीवाणूंचे ‘लग्न’ लावण्याचे तंत्र फ्रान्स्वा जाकोब यांच्याकडे तयार होतेच. त्यात नर जीवाणू आपला डीएनए मादीत ढकलतो. डीएनएखेरीज जवळजवळ काहीच पलीकडे जात नाही, पेशीतला रस तर नाहीच. सगळी गंमत या एका गोष्टीत आहे.

पारडींनी असा नर घेतला ज्याचे ‘आय’ही शाबूत होते आणि विकराचे ‘झेड’ जनुकही. मादीची दोन्ही बिघडलेली. साखर मुळीच घातली नाही. नरांनी निकाल गढूळ करू नये म्हणून नंतर स्ट्रेप्टोमायसिन घातले. त्याने नर मरतात, मादी त्याला दाद देत नाही. ‘झेड’ मादीत पोचले आणि काही मिनिटांतच विकर बनू लागले, तेही पूर्ण वेगाने. असे तासभर, दीड तास चालले. मग वेग मंदावला आणि विकर बनणे थांबले. त्यानंतर चेतक पदार्थ घातला, तर ते पुन्हा सुरू झाले.

उलट जोडी लावली, म्हणजे बिघडलेली जनुके नराकडून आणि शाबूत जनुके मादीची, तर विकर बनलेच नाही. दोन्ही जोड्यांच्या संततीत जनुके तीच! फरक होता तो फक्त ती कोणाच्या रसात पडली याचा. मादीचे ‘आय’ शाबूत असेल, तर तिच्या रसात काहीतरी आधीच तरंगत असते आणि ते ‘झेड’ला गप्प बसवते. मादीचे ‘आय’ बिघडलेले असेल, तर तिचा रस कोरा असतो. नराकडून आलेल्या शाबूत ‘आय’ला ते काहीतरी नव्याने बनवून साठवावे लागते. तोवर ‘झेड’ला मोकळे रान.

म्हणजे हँडब्रेक. त्या ‘काहीतरी’चे नाव पडले रिप्रेसर, आणि साखरेचे काम फक्त तो सोडवण्याचे. हा ‘नकाराला नकार’ लिओ झिलार्ड यांनीही सुचवला होता, तेच अणुबॉम्बच्या इतिहासातले झिलार्ड, आणि मोनोंनी आपल्या नोबेल व्याख्यानात त्याची मोकळेपणाने नोंद केली आहे. प्रयोगाला मात्र तिघांच्या आडनावांवरून ‘पाजामो’ हे नाव चिकटले.

त्या ‘काही मिनिटांत, पूर्ण वेगाने’मध्ये आणखी एक मोठी गोष्ट दडली होती. जनुक आत येताच कारखाना धावू लागतो, म्हणजे जनुकाकडून प्रथिनाकडे निरोप नेणारे काहीतरी झटपट बनत असले पाहिजे. बर्कलीला परतल्यावर पारडी आणि त्यांची विद्यार्थिनी मोनिका रायली यांनी किरणोत्सारी फॉस्फरस भरलेला डीएनए मादीत धाडला आणि त्या फॉस्फरसच्या ऱ्हासाने जनुक मोडू दिले. जनुक मोडताच विकर बनवण्याची क्षमताही गेली, म्हणजे निरोप्या टिकाऊ नव्हता. 1960च्या गुड फ्रायडेला केंब्रिजमध्ये जाकोब हे निष्कर्ष क्रिक आणि ब्रेनर यांना सांगत होते, आणि तिथेच संदेशवाहक आरएनएची कल्पना पक्की झाली. 1965चे नोबेल मोनो, जाकोब आणि ल्वॉफ यांना मिळाले. ल्वॉफ यांचे विषाणूंवरचे काम मोठेच होते. पण नोबेल तिघांहून अधिकांत वाटता येत नाही, आणि ‘पाजामो’मधला ‘पा’ बाहेर राहिला.

आता पत्रलेखकाकडे. 1966मध्ये वॉल्टर गिल्बर्ट आणि बेनो म्युलर-हिल यांनी रिप्रेसर प्रत्यक्ष वेगळा केला. एका पेशीत त्याचे सुमारे 10च रेणू निघाले. इतक्या थोड्या रेणूंचा पहारा चोख कसा असणार? रिप्रेसर डीएनएवरून अधूनमधून सुटतो, तेवढ्यात थोडे परमिएज, थोडे विकर बनून जाते. साखर नसतानाही पेशींत या प्रथिनांचे मोजके रेणू असतात. पहिले लॅक्टोज त्यांच्याच कृपेने आत येते, ॲलोलॅक्टोज होते, आणखी रिप्रेसर सोडवते.

पण मग सगळ्याच पेशी हळूहळू एकदम का जाग्या होत नाहीत? 1957मध्येच नोव्हिक आणि वाइनर यांना आढळले होते की चेतक कमी असेल, तर काही पेशी पूर्ण जोमात असतात आणि बाकीच्या गप्प. मधली अवस्था जवळपास नाहीच. याचे कारण हार्वर्डमध्ये सनी शी यांच्या गटाने 2008मध्ये दाखवले. रिप्रेसरला डीएनए पकडायला दोन हात आहेत. तो दोन ठिकाणी धरतो आणि मधल्या डीएनएचा फास करतो. एक हात सुटला तर दुसऱ्याच्या आधाराने तो लगेच परत बसतो; त्या क्षणात एखाददुसरा संदेश निसटतो, बस. क्वचित दोन्ही हात सुटतात. मग परत बसेपर्यंत वेळ जातो आणि परमिएजचा मोठा लोंढा बाहेर पडतो. परमिएज काही शे रेणूंच्या उंबरठ्यापलीकडे गेले की चेतक भराभर आत येतो आणि पेशी मागे वळत नाही. कोणत्या पेशीत दोन्ही हात केव्हा सुटतील, हा निव्वळ योगायोग.

एक सावधगिरी मात्र हवी, कारण हा शोध सांगताना ती हमखास गळते. नोव्हिक-वाइनर काय किंवा शी काय, दोघांनीही लॅक्टोज वापरले नव्हते. त्यांनी टीएमजी हा कृत्रिम चेतक वापरला, जो रिप्रेसर सोडवतो पण विकराकडून मोडला जात नाही. खऱ्या लॅक्टोजच्या बाबतीत विकर चेतक बनवतेही आणि खाऊनही टाकते. त्यामुळे टीएमजीत दिसणारी ‘पूर्ण जागी किंवा पूर्ण गप्प’ अशी फाळणी दुधात वाढणाऱ्या जीवाणूंतही तशीच होते, असे त्या प्रयोगांवरून म्हणता येत नाही.