बायोडेटा उघडण्याआधी कामाची यादी

कोल्हापुरात घरगुती मसाल्यांचा व्यवसाय करणाऱ्या एका बाईंना पहिला माणूस ठेवायचा होता. हिशेब आणि बिलं सांभाळायला. अर्जांचा गठ्ठा आला आणि हात आपसूक सर्वांत जास्त अनुभव असलेल्या अर्जाकडे गेला.

तिथेच बहुतेकजण फसतात. नुसती अनुभवाची वर्षं पुढच्या कामाबद्दल फारच थोडं सांगतात, हे निवडीवरच्या संशोधनात पुन्हापुन्हा दिसलं आहे. ठरलेल्या प्रश्नांची मुलाखत आणि प्रत्यक्ष कामाचा नमुना त्याहून कितीतरी भरवशाचे.

बाईंनी मग आधी आठवड्याची कामं कागदावर उतरवली. त्यातून तीनच निकष काढले: खरेदीच्या नोंदी, जीएसटीची बिलं, दुकानदारांकडे वसुली. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण. दाखला असेल तरच दोन. ‘मेहनती, प्रामाणिक’ याला काहीच नाही, कारण ते सगळेच लिहितात. सगळे अर्ज आधी एकाच निकषावर तपासले, मग दुसऱ्यावर. म्हणजे सुंदर छपाईची भुरळ पडत नाही.

वरच्या चौघांना अर्ध्या तासाचं काम दिलं, त्याचे पैसेही दिले. सहा बिलं नोंदवायची. त्यात ब्याडगीच्या व्यापाऱ्याचं मिरचीचं एक नमुना बिल मुद्दाम चुकीचं बनवलेलं: माल कर्नाटकातून कोल्हापुरात आलेला, तरी आयजीएसटीऐवजी सीजीएसटी-एसजीएसटी लावलेला.

चूक एकीनेच पकडली. तिच्या बायोडेटात अनुभव सर्वांत कमी होता!

तुम्ही कोणत्या कामासाठी माणूस शोधताय? लिहा, त्याला साजेशी चाचणी मिळून बेतू.