प्रबंधातला बदल कोणी केला, कधी केला

मार्गदर्शकांनी छापील मसुद्यावर लाल शाईने केलेल्या खुणांचा एक मोठा गुण होता. खाडाखोड कितीही असली तरी विद्यार्थ्याचे मूळ वाक्य खाली दिसत राहायचे. आता प्रबंधाचे प्रकरण गूगल डॉक्सवर असते, मार्गदर्शक आणि विद्यार्थी एकाच फाइलमध्ये लिहितात आणि तिथे कोणी थेट दुरुस्ती केली की जुने वाक्य पानावरून नाहीसे होते. ते दिसत राहावे यासाठी 2014 पासून डॉक्समध्ये Suggesting नावाची सोय आहे.

उजवीकडे वरच्या कोपऱ्यात पेन्सिलचे चिन्ह असते, तिथून ती निवडायची. मग तुम्ही खोडलेला मजकूर रेघ मारून तसाच राहतो, नवा मजकूर वेगळ्या रंगात येतो आणि समासात तुमच्या नावाची चौकट उमटते. बरोबरची खूण दाबली की बदल पक्का होतो, फुलीवर दाबले की मूळ वाक्य परत येते. मात्र फाइल संपादनाच्या हक्कासह दिली असेल, तर पुढचा माणूस ही सोय निवडायला विसरून थेट बदल करू शकतो. म्हणून सहाध्यायी किंवा मुद्रितशोधक मदत करणार असतील, तर त्यांना फाइल देताना Commenter हा हक्क द्यावा. मग त्यांना फक्त सूचनाच करता येतात.

आता सूचना वाचायच्या कशा, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. ऊसतोड कामगार महिलांच्या आरोग्यावरच्या प्रबंधात विद्यार्थिनीने लिहिले आहे : ‘मुलाखत दिलेल्या महिलांपैकी निम्म्याहून अधिक महिलांनी पाठदुखीची तक्रार केली.’ मॅडमनी वाक्य आटोपशीर करताना पहिले तीन शब्द खोडले. उरले, ‘निम्म्याहून अधिक महिलांनी पाठदुखीची तक्रार केली.’ वाचायला हे अधिक नेटके आहे, पण विधान बदलले. आधी ते मुलाखत दिलेल्या महिलांपुरते होते, आता ते सगळ्याच ऊसतोड महिलांबद्दल वाटते. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक नेमके इथेच बोट ठेवतील.

अशा वेळी नुसती फुली मारू नये. त्या चौकटीतच उत्तर लिहावे : ‘मॅडम, नमुना मर्यादित असल्याने हे शब्द ठेवते आहे. वाक्य लांब वाटत असेल तर मागचे वाक्य तोडू का?’ मॅडमना कारण कळते आणि निर्णयाची नोंदही राहते. सगळ्या सूचना एका फटक्यात मान्य करण्याचे Accept all हे बटण मी प्रबंधासाठी निषिद्ध मानतो. शुद्धलेखनाच्या पन्नास दुरुस्त्यांमध्ये अर्थ बदलणारी एखादीच सूचना असते आणि ती बाकीच्यांसारखीच दिसते.

या पद्धतीची एक मर्यादाही आहे. परिच्छेद एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवला, तर डॉक्स ते ‘इथे खोडले, तिथे नवे लिहिले’ असेच दाखवते. हलवताना त्यातला एखादा आकडा बदलला असला तरी सगळाच परिच्छेद नवा म्हणून रंगलेला असतो, त्यामुळे तो आकडा नजरेत येत नाही. म्हणून आधी परिच्छेद जसाच्या तसा हलवावा, ती सूचना मान्य करून घ्यावी आणि मगच आतल्या शब्दांना हात लावावा.

मुद्द्याबद्दलची शंका सूचनेत मांडता येत नाही, तिथे शेरा लागतो. ‘हा निष्कर्ष कोणत्या तक्त्यावरून?’ असा शेरा आला, तर उत्तर देऊन लगेच Resolve दाबू नका. ज्याने शंका काढली त्यानेच ती मिटवावी. मिटवलेला शेरा शेऱ्यांच्या यादीत सापडतो, पण पानावरून गेल्यावर तो कोणी शोधायला जात नाही.

इतके करूनही कधी तरी चांगला परिच्छेद खोडला जातोच. अशा वेळी File मधल्या Version history मध्ये जावे. कोणत्या तारखेला कोणी काय बदलले, ते तिथे नावानिशी आणि रंगानिशी दिसते. एका परिच्छेदासाठी पूर्ण जुनी आवृत्ती परत आणू नका, कारण नंतरचे सगळे काम पानावरून हटते. हटलेले काम इतिहासात राहते खरे, पण मग दोन आवृत्त्या जुळवत बसावे लागते. जुनी आवृत्ती उघडावी, हवा तो परिच्छेद तिथून कॉपी करावा आणि आजच्या मसुद्यात चिकटवावा.

मधल्या बारीक आवृत्त्या कालांतराने एकत्र केल्या जाऊ शकतात. म्हणून मसुदा मार्गदर्शकांकडे पाठवण्याआधी Name current version निवडून ‘प्रकरण 3, मॅडमकडे पाठवण्यापूर्वी’ असे नाव द्यावे. एका दस्तऐवजात अशा 40 आवृत्त्यांना नावे देता येतात, एका प्रकरणाला त्या पुरतात.

फाइलची नक्कल केली तर हा इतिहास नकलेत येत नाही. तेव्हा तोंडी परीक्षा होईपर्यंत मूळ फाइल पुसू नका. ती विद्यापीठाच्या खात्यावर असेल, तर ते खाते कधी बंद होणार हे आधीच विचारून ठेवा.