शैवालबहर ते मृतक्षेत्र : उत्तरातून गळणाऱ्या दोन पायऱ्या

‘सुपोषणामुळे मृतक्षेत्र कसे तयार होते, ते टप्प्याटप्प्याने स्पष्ट करा.’ पर्यावरणाच्या पेपरातला हा दीर्घोत्तरी प्रश्न ओळखीचा आहे. बऱ्याच उत्तरांत खत पाण्यात येते, शैवाल वाढते आणि पुढच्याच वाक्यात मासे मरतात. शैवाल कुजणे आणि पाण्याचे थर पडणे या मधल्या दोन पायऱ्या गळतात. मेक्सिकोच्या आखातात दर उन्हाळ्यात तयार होणारे मृतक्षेत्र पाहिले, की त्यांचे महत्त्व कळते.

सुरुवात समुद्रापासून दूर, आयोवा आणि इलिनॉयच्या मक्याच्या शेतांत होते. पिकाने न घेतलेला नायट्रोजन नायट्रेटच्या रूपात पाण्यात सहज विरघळतो. तिथे शेताखाली निचऱ्याचे पाइप असतात. वसंतातल्या पावसाचे पाणी त्यांतून थेट ओढ्यांत आणि पुढे मिसिसिपी नदीत जाते. अलास्का आणि हवाई वगळता उरलेल्या अमेरिकेच्या सुमारे ४१ टक्के भूभागाचे पाणी ही नदी वाहून नेते. शेतातला आणि सांडपाण्यातला फॉस्फरसही तिच्यातूनच येतो. पाण्यात पोषकद्रव्यांची अशी अतिरिक्त भर पडणे म्हणजे सुपोषण.

समुद्रात पोहोचल्यावर गढूळपणा कमी होतो, भरपूर ऊन मिळते आणि सूक्ष्म शैवाल झपाट्याने वाढते. हा शैवालबहर. या टप्प्यावर ऑक्सिजन घटत नाही. दिवसा प्रकाशसंश्लेषणामुळे वरच्या थरात तो उलट वाढतो. म्हणून ‘शैवाल सगळा ऑक्सिजन शोषून घेते’ हे वाक्य उत्तरात लिहू नये.

शैवालाचे आयुष्य थोडके असते. मेलेल्या पेशी आणि शैवाल खाणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांची विष्ठा तळाकडे जाते. तिथले जिवाणू ते कुजवताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. हिशेब असा : १ किलो नायट्रोजनवर वाढलेले शैवाल पूर्ण कुजायला सुमारे २० किलो ऑक्सिजन लागतो. उन्हाळ्यातल्या समुद्राच्या एक घनमीटर पाण्यात साधारण ६ ते ७ ग्रॅम ऑक्सिजन असतो. म्हणजे शेतातून निसटलेला एक किलो नायट्रोजन जवळपास ३,००० घनमीटर पाण्यातला ऑक्सिजन संपवू शकतो. प्रत्यक्षात सगळे शैवाल तळाशी जात नाही, त्यामुळे ही कमाल मर्यादा समजावी.

वापरलेला ऑक्सिजन हवेतून भरून का निघत नाही? नदीचे गोडे, कोमट पाणी हलके असते, समुद्राचे खारे, थंड पाणी जड. हलके पाणी जड पाण्यावर झाकणासारखे बसते आणि दोन्ही थर मिसळत नाहीत. तळाशी खर्च चालू, वरून पुरवठा बंद. ऑक्सिजन दर लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली गेला, की त्या भागाला मृतक्षेत्र म्हणतात. पोहू शकणारे मासे आणि कोळंबी तिथून निघून जातात. चिखलातले किडे आणि शिंपले गुदमरून मरतात.

नदीचे पाणी घटले, की हा परिणामही घटतो. १९८८ च्या दुष्काळात हे मृतक्षेत्र जवळजवळ नाहीसे झाले. १९९३ च्या महापुरानंतर ते आधीच्या वर्षांच्या सुमारे दुप्पट झाले. २०१७ मध्ये त्याने सुमारे २२,७०० चौरस किलोमीटरचा उच्चांक गाठला. म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या अहिल्यानगर जिल्ह्याहूनही मोठा भाग. २०२० मध्ये मोजणीच्या तोंडावर हॅना चक्रीवादळाने पाणी घुसळले आणि क्षेत्र बरेच लहान भरले. खत तेच होते, थर मोडले होते.

उत्तरात एक मर्यादाही नोंदवावी. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्याच्या अखेरीस तळाचे पाणी ऑक्सिजनहीन होते, पण त्याचे मूळ मुख्यतः नैसर्गिक आहे. खोल समुद्रातले कमी ऑक्सिजनचे, पोषकद्रव्यांनी भरलेले पाणी किनाऱ्याकडे वर येते आणि त्यावर पावसाच्या गोड्या पाण्याचा थर बसतो. खतांची भर ही स्थिती आणखी बिघडवू शकते.

उपाय म्हणजे साखळीची पहिली कडी तोडणे, कारण समुद्राचे थर आपण मोडू शकत नाही. पिकाच्या गरजेनुसार खताचे हप्ते द्यावेत आणि मुख्य पीक निघाल्यावर आच्छादन पीक घ्यावे. पाणथळ जागा राखल्या, तर तिथले जिवाणू नायट्रेटचे रूपांतर निरुपद्रवी नायट्रोजन वायूत करतात. आखाताचे मृतक्षेत्र २०३५ पर्यंत पाच वर्षांच्या सरासरीने ५,००० चौरस किलोमीटरच्या आत आणायचे उद्दिष्ट आहे. मात्र जमिनीत आणि भूजलात साचलेला जुना नायट्रोजन वर्षानुवर्षे पाझरत राहतो. त्यामुळे खत आज कमी केले, तरी त्याचा परिणाम समुद्रात उशिरा दिसतो.