ब्रेकर कधी थांबणार?

सकाळी अकराच्या सुमाराला धडधड सुरू होते. सहाव्या मजल्यावरच्या आजींना वाटतं, वर सातव्यावर काम निघालंय. पाचव्यावरचे काका लिफ्टने खाली-वर करून दोन बंद दारांना कान लावून येतात. प्रत्यक्षात ब्रेकर चालू असतो चौथ्या मजल्यावरच्या एका बाथरूममध्ये.

यात कुणाच्या कानाचा दोष नाही. घरातल्या टीव्हीचा आवाज हवेतून येतो, त्यामुळे तो कोणत्या बाजूने येतोय ते कळतं. ब्रेकर मात्र थेट काँक्रीटवर घाव घालतो. कॉलम, बीम आणि स्लॅब यांचा सांगाडा एकसंध ओतलेला असतो आणि तो हादरा सांगाड्यातून पसरतो. मग दोन मजले दूर असलेल्या घराची भिंतच आवाज करू लागते. कान भिंतीकडे बोट दाखवतो, पण काम तिथे नसतं.

म्हणूनच फ्लॅटच्या नूतनीकरणाची सूचना फक्त शेजारच्या दोन दारांना देऊन भागत नाही. ती निदान त्या विंगमधल्या सगळ्यांना मिळायला हवी. सोसायटीच्या उपविधींनुसार समितीची लेखी परवानगी लागते, ती वेगळी. परवानगी सेक्रेटरींच्या फायलीत जाते. दुपारी बाळाला झोपवणाऱ्या आईला त्या फायलीचा काही उपयोग नसतो.

अशा सूचना बहुतेक इमारतींत लागतात, पण त्यांतला मजकूर साधारण एकच असतो: ‘फ्लॅटचे काम सुरू असल्याने महिनाभर आवाज होईल, गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ हे वाचून माणूस धास्तावतो, कारण त्याला महिनाभराची धडधड ऐकू येऊ लागते. खरं तर महिनाभराच्या कामात असह्य आवाजाचे तास फार थोडे असतात. ते तास कोणते, हे सांगणं हेच सूचनेचं मुख्य काम.

एका बाथरूमचं उदाहरण घेऊ. खोली ५ बाय ८ फुटांची, ७ फुटांपर्यंत टाइल्स, खाली जुना कोबा. सगळं उखडून नवं करायचं. ब्रेकर लागतो तो टाइल्स आणि कोबा फोडायला, साधारण तीन दिवस. नंतर पाइप आणि वायरिंगसाठी भिंतीत झिऱ्या मारायच्या. तिथे ग्राइंडर लागतो. त्याचा आवाज कर्कश असतो आणि धूळही ब्रेकरपेक्षा जास्त उडते. प्लंबिंग आणि वॉटरप्रूफिंग जवळपास निःशब्द. टाइल्स बसवताना कटर अधूनमधून ओरडतो. शेवटी नळ, आरसा, रॅक लावायला काही तास ड्रिल. म्हणजे तीन आठवडे चालणाऱ्या कामात ब्रेकरचे तास रोजचे चार धरले, तर अवघे बारा.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात आवाज करणारी बांधकामाची यंत्रं निवासी भागात वापरायला मनाई आहे. पण उरलेले सोळा तास मोकळे आहेत, असं कुठलीच सोसायटी मानत नाही. अनेक ठिकाणी दुपारची विश्रांतीची वेळ आणि रविवार वगळलेले असतात. सूचनेत हीच वेळ आणखी नेमकी करायची.

दुसरा प्रश्न राडारोड्याचा. वरच्या बाथरूममध्ये भिंतींवरचं टाइलकाम, दार वजा जाता, सुमारे १६५ चौरस फूट भरतं. टाइल आणि मागचा मसाला मिळून इंचभर जाडी धरली, तर त्याचं वजन आठशे-नऊशे किलो होतं. जमिनीवरचा कोबा नऊ इंच असेल, तर तो आणखी चौदाशेच्या घरात जातो. एकूण सव्वादोन टन. एका माणसाला उचलता येईल अशी ३०-३५ किलोची गोणी धरली, तर सत्तरच्या आसपास गोण्या. सहा माणसांच्या लिफ्टची क्षमता ४०८ किलो असते. एक कामगार आत उभा राहिला तर दहापेक्षा जास्त गोण्या चढवता येत नाहीत. म्हणजे लिफ्टच्या सात-आठ खेपा. त्या सकाळी शाळा-ऑफिसच्या वेळेत निघाल्या, तर बाकी मजल्यांवर माणसं ताटकळत उभी राहणार. म्हणून गोण्या उतरवायचा दिवस आणि वेळ सूचनेत स्वतंत्र लिहायला हवी.

गोण्या खाली आल्या की त्यांची जबाबदारीही घरमालकाचीच. बांधकामाच्या कचऱ्याबाबतच्या २०१६ च्या नियमांनी घालून दिलं होतं की हा कचरा ज्याने केला त्यानेच तो वेगळा ठेवायचा आणि ठरल्या ठिकाणी पोचवायचा. रस्त्यावर किंवा नाल्यात टाकायचा नाही. मुंबईत महापालिकेने त्यासाठी ‘डेब्रिज ऑन कॉल’ ही सेवा सुरू केली. टेम्पो आधी ठरवला आणि मग गोण्या उतरवल्या, तर त्या पार्किंगमध्ये पडून राहत नाहीत.

हे सगळं धरून चौथ्या मजल्यावरच्या त्या घराची सूचना अशी होईल:

सप्रेम नमस्कार. फ्लॅट ४०२ मधील एका बाथरूमचे काम समितीच्या परवानगीने करत आहोत.
ब्रेकरने फोडकाम: सोम. १० ते बुध. १२ नोव्हेंबर २०२५, सकाळी ११ ते १ आणि संध्या. ४ ते ६.
राडारोडा उतरवणे: गुरु. १३, सकाळी ११ ते १. टेम्पो त्याच दिवशी नेईल. जिना आणि लिफ्ट लगेच झाडून-पुसून देऊ.
झिऱ्या (आवाज व धूळ): शुक्र. १४ आणि शनि. १५, वरील वेळेतच. कृपया डक्टकडील खिडक्या बंद ठेवाव्यात.
प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग (मोठा आवाज नाही): सोम. १७ ते शनि. २२.
पाणी भरून चाचणी: शनि. २२ संध्याकाळ ते सोम. २४ संध्याकाळ. ३०२ च्या छताची पाहणी आम्ही विचारून करू.
टाइल्स (कटर अधूनमधून): बुध. २६ ते शनि. २९.
ड्रिल: मंगळ. २ डिसेंबर, ११ ते १.
दुपारी १ ते ४ आणि रविवारी काम पूर्ण बंद. घरात कुणी आजारी असेल, परीक्षा वा रात्रपाळी असेल, तर आधी कळवावे, वेळ बदलू. त्रासाबद्दल मनापासून दिलगीर आहोत.

खाली नाव आणि दोन फोन नंबर हवेत: एक घरमालकाचा, दुसरा दिवसभर जागेवर असणाऱ्या मुकादमाचा. मालक ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना ब्रेकर थांबवू शकतो तो मुकादमच.

हा कागद आठवडाभर आधी लिफ्टजवळ लागावा, ग्रुपवर जावा. वरच्या, खालच्या आणि भिंतीला भिंत असलेल्या घरी मात्र स्वतः जाऊन द्यावा. खालच्या घराशी बोलायचं आणखी एक कारण आहे. नुकसान झालंच तर बहुधा तिथेच होतं. हादऱ्याने त्यांच्या छताचा सैल गिलावा सुटतो. नहाणी ट्रॅप गोणपाटाने बंद न करता फोडकाम केलं, तर खडी आणि सिमेंट आत जाऊन पाइप तुंबतो. डक्टमध्ये पडलेला एखादा तुकडा खालच्यांचा पाइप फोडतो. काम सुरू होण्याआधी त्यांच्यासमोर त्यांच्या छताचे फोटो काढले, तर कोणता डाग जुना आणि कोणता नवा यावर नंतर वाद होत नाही.

तारखा घसरतात, ही या कामातली सर्वांत नेहमीची गोष्ट. कोबा धरला होता त्याहून जाड निघतो, कामगार गावी जातो, टाइल्सची गाडी उशिरा येते. अशा वेळी जुना कागद तसाच लटकत राहिला, तर पुढच्या तारखांवर कुणी विश्वास ठेवत नाही. बुधवारी संध्याकाळी कोबा निम्माच फुटला असेल, तर त्याच रात्री लिफ्टजवळ नवी चिठ्ठी लागावी: ‘ब्रेकर उद्या गुरुवार १३ लाही ११ ते १ आणि ४ ते ६ चालेल. राडारोडा शुक्रवारी १४ ला उतरेल. झिऱ्या शनिवारी १५ आणि सोमवारी १७ ला. त्यापुढच्या तारखा सोमवारी कळवतो.’ सहाव्या मजल्यावरच्या आजी ती वाचतात आणि आपली गुरुवारची भिशी दुपारी दोनची ठेवतात.