बरणीतला पाक, पेल्यातले सरबत

ताज्या रातांब्याच्या सालीत साखर भरून, चूल न पेटवता जो पाक काढतात त्याला कोकणात अमृत कोकम म्हणतात. रातांबे एप्रिल-मे महिन्यांत पिकतात आणि पावसाने भिजलेले फळ लवकर कुजते, म्हणून हे काम पहिल्या सरींच्या आत उरकायचे असते. फळे धुऊन कोरडी पुसायची, मधोमध चिरायची आणि बिया व पांढरा गर काढून टाकायचा. उरलेल्या सालीच्या वाट्यांत साखर दाबून भरायची, त्या काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत एकावर एक रचायच्या आणि तोंडाला दादरा बांधून बरणी उन्हात ठेवायची. धातूचे भांडे चालत नाही, कारण कोकमाचे आम्ल त्याला खाते आणि पाकाला धातूची चव येते.

पाणी घातलेले नसते, तरी दुसऱ्या दिवशी बरणीच्या तळाशी लालभडक रस दिसू लागतो. सालीच्या ओल्या आतल्या बाजूला साखर टेकली की तिथे ती थोडी विरघळते आणि फार दाट द्रावण तयार होते. हे द्रावण सालीच्या पेशींतले पाणी बाहेर खेचते. त्या पाण्याबरोबर आम्ल, रंग आणि वासही येतो, आणि त्या रसात आणखी साखर विरघळते. ऊन या कामाचा वेग वाढवते. रोज एकदा बरणी हलवली किंवा कोरड्या लाकडी चमच्याने वरखाली केले, तर सात-आठ दिवसांत साली सुरकुततात आणि पाक गाळायला तयार होतो.

साखर किती घ्यावी, यावर पाकाचे आयुष्य ठरते. घरातल्या तापमानाला 100 ग्रॅम पाण्यात सुमारे 200 ग्रॅम साखर विरघळते, त्याहून जास्त नाही. 1 किलो सालीत साधारण 800 ग्रॅम पाणी असते. त्यामुळे दीड किलो साखर घातली तर ती जवळजवळ सगळी विरघळते, तर दोन किलो घातल्यास थोडी तळाशी राहते. ती चूक नव्हे. पाक पुरता दाट झाल्याचीच ती खूण आहे. हात आखडून एकच किलो साखर घातली तर मात्र पाक पातळ होतो आणि त्यात यीस्ट वाढते. बारीक बुडबुडे, फेस आणि ताडीसारखा वास आला की पाक आंबला असे समजावे. नंतर साखर घालून ती चव परत येत नाही.

पेल्यात गणित बदलते. दोन मोठे चमचे, म्हणजे सुमारे 30 मिली पाक आणि पाऊण पेला पाणी, हे चांगले सुरुवातीचे माप. एवढ्या पाकात चहाचे पाच चमचे साखर असते. ती आधीच विरघळलेली असल्याने गार पाण्यातही लगेच मिसळते. लिंबाच्या सरबताचे तसे नाही. बर्फाच्या पाण्यात घातलेली दाणेदार साखर फार सावकाश विरघळते आणि शेवटचा घोटच गोड लागतो. तिथे आधी साध्या पाण्यात साखर विरघळवावी किंवा पिठीसाखर घ्यावी, आणि बर्फ सर्वांत शेवटी टाकावा.

आंबट जास्त वाटले तर साखर वाढवण्याआधी पाणी वाढवून पाहावे. साखरेने आम्ल कमी होत नाही. जिभेला ते फक्त कमी जाणवते, आणि साखर वाढवत गेल्यास सरबत घशाला चिकटू लागते. उलट, फार गोड झाले तर लिंबाचे चार थेंब किंवा चमचाभर आगळ पुरते. आगळात मीठ असतेच, म्हणून ते घातल्यास वेगळे मीठ टाकू नये. मीठ चिमूटभरच हवे. खारटपणा कळण्याच्या आत थांबले तर गोडवा उठून येतो आणि सालीचा तुरटपणा दबतो. अनेक घरांत मीठ आणि जिरेपूड बरणीतच घालतात, पण ती पेल्यात घालणे अधिक शहाणपणाचे, कारण पाकात पडलेले मीठ काढता येत नाही. गारव्याने गोडी कमी जाणवते आणि बर्फ वितळून सरबत पातळ होते. म्हणून बर्फाआधी चाखताना ते किंचित गोडसर लागले पाहिजे.

कोकमाचा लाल रंग आम्लात टिकतो. चमचाभर सरबतात चिमूटभर खायचा सोडा टाकला की तो जांभळा-निळसर होतो. बाजारच्या सरबतातला कृत्रिम लाल रंग सहसा असा बदलत नाही. गाळलेला पाक कोरड्या बाटलीत, उजेडापासून दूर ठेवावा आणि त्यात ओला चमचा कधीही घालू नये.