काहिलीतला चुना आणि आलेखाचा चढ

धाराशिव जिल्ह्यातल्या गुऱ्हाळावर ज्याने कधी रस उकळताना पाहिला असेल, त्याला काहिलीत टाकली जाणारी चुन्याची निवळी आठवत असेल. साखर कारखान्यातही रस उकळवण्याआधी त्यात चुना मिसळतात. मळी निघून रस स्वच्छ होणे हे याचे एक कारण. दुसरे कारण आम्लाचे. उसाचा रस किंचित आम्लधर्मी असतो आणि आम्लाच्या सान्निध्यात साखरेच्या रेणूचे पाण्याशी संयोग होऊन ग्लुकोज व फ्रुक्टोज असे दोन तुकडे होतात. या मिश्रणाची साखर नीट दाणेदार होत नाही, गूळ चिकट होतो.

पण रस थंड असतानाही आम्लधर्मीच असतो. मग उकळण्याआधी चुन्याची घाई कशाला? याचे उत्तर ज्या आलेखात आहे, त्याचा जन्मही याच अभिक्रियेतून झाला. स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांनी 1889 साली उसाच्या साखरेच्या आम्लामुळे होणाऱ्या विघटनावर निबंध लिहिला आणि वेगस्थिरांक तापमानाबरोबर कसा वाढतो याचे सूत्र मांडले. आज आपण ते असे लिहितो:

ln k = ln A − Ea/(RT)

हे सरळ रेषेचे समीकरण आहे. उभ्या अक्षावर ln k, आडव्या अक्षावर 1/T घेतले की रेषा उजवीकडे उतरते आणि तिचा चढ −Ea/R येतो. R म्हणजे 8.314 ज्यूल प्रति मोल प्रति केल्व्हिन. साखरेच्या या अभिक्रियेची सक्रियण ऊर्जा सुमारे 108 किलोज्यूल प्रति मोल आहे, म्हणजे चढ सुमारे −13,000 केल्व्हिन. आता 30 अंशांवरचा रस 100 अंशांवर नेला, तर 1/T मध्ये 0.00062 इतकी घट होते. 13,000 ने गुणले की ln k मध्ये सुमारे 8 ची वाढ, म्हणजे वेग जवळजवळ तीन हजार पट! (आम्लता तीच राहिली असे येथे धरले आहे.) चुन्याची घाई का, ते आता सांगायला नको. ‘दहा अंशांना वेग दुप्पट’ हा वर्गात सांगितला जाणारा ठोकताळाही येथे चालत नाही. 25 ते 35 अंशांत ही अभिक्रिया चौपट वेगवान होते. दुप्पट होण्यासाठी सक्रियण ऊर्जा 53 च्या आसपास असावी लागते.

साखरेचे विघटन मोजायला ध्रुवणमापी लागतो, आणि तो बहुतेक शाळांत नसतो. म्हणून आपण सोडियम थायोसल्फेट आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घेऊ. चंचुपात्राखालच्या कागदावर फुली काढायची, द्रावणे मिसळायची आणि गंधकाच्या गढूळपणामुळे फुली दिसेनाशी होईपर्यंतचा वेळ t मोजायचा. विद्यार्थी हमखास विचारतात, ‘सर, k कुठे आहे?’ प्रश्न रास्त आहे. प्रत्येक वेळी संहती, आकारमान आणि पात्र तेच ठेवले, तर फुली झाकायला लागणारे गंधक तेवढेच, म्हणून 1/t हे k च्या प्रमाणात असते. ln(1/t) आणि ln k यांत फक्त एका स्थिरांकाचा फरक पडतो. त्याने रेषा वर-खाली सरकते, चढ बदलत नाही.

हिशेबापुरते आकडे धरू. 20, 30, 40 व 50 अंशांना वेळ अनुक्रमे 80, 41, 22 व 12 सेकंद. ln(1/t) येतात −4.38, −3.71, −3.09, −2.48, आणि 1/T येतात 0.003413, 0.003300, 0.003195, 0.003096. बिंदू जवळजवळ एका रेषेत पडतात. टोकाच्या दोन बिंदूंवरून चढ = 1.90 ÷ (−0.000317), म्हणजे सुमारे −6,000 केल्व्हिन. ऋण चिन्ह काढून 8.314 ने गुणले की सुमारे 50 किलोज्यूल प्रति मोल. प्रत्यक्ष प्रयोगात मात्र टोकाचे बिंदू न जोडता सर्व बिंदूंमधून जाणारी उत्तम रेषा काढावी आणि चढ त्या रेषेवरून घ्यावा.

उत्तर 50 ज्यूल आले, तर अक्षावरचा 10⁻³ विसरला आहे. 22 च्या आसपास आले, तर 10 पायाचा लॉगरिथम घेतला आहे, 2.303 ने गुणावे. बिंदू रेषेऐवजी वक्रावर पडले, तर तापमान अंश सेल्सिअसमध्येच राहिले का, ते आधी पाहावे. तरीही गरम बाजूचे बिंदू रेषेखाली झुकत असतील, तर बहुधा थंड आम्ल गरम द्रावणात ओतले आहे. आम्लही त्याच पाण्यात ठेवून गरम करावे आणि तापमान मिश्रणाचे नोंदवावे. 50 अंशांना वेळ मोजताना एका सेकंदाची चूक झाली, तर शेवटचा बिंदू 0.08 ने हलतो आणि उत्तर सुमारे 2 किलोज्यूलने. त्याहून वर तापवू नये; वेळ मोजता येत नाही आणि सल्फर डायऑक्साइडचा त्रास होतो. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. आपल्याकडे मे महिन्यात नळाचे पाणीच 30 अंशांच्या पुढे असते, म्हणून पहिल्या बिंदूसाठी बर्फ लागेल. तो टाळून 30 ते 40 एवढ्यावरच भागवले, तर 1/T चा पल्ला एक तृतीयांश उरतो आणि ln(1/t) मधली तेवढीच चूक उत्तरात तिप्पट होऊन येते.