फॉर्मची नवी ओळ आणि कोरा राहिलेला रकाना

दिवाळीचा फराळ करून विकणाऱ्या एखाद्या बचत गटाचं उदाहरण घेऊ. पूर्वी ऑर्डरी फोनवर घेऊन वहीत लिहायच्या, आता गूगल फॉर्मची लिंक सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाते. फॉर्म भरला की माहिती आपोआप शीटमध्ये येते: A रकान्यात वेळ, B मध्ये नाव, C मध्ये फोन, D मध्ये चकली किती किलो, E मध्ये चिवडा किती किलो आणि F मध्ये घरपोच हवं का. हिशेब सांभाळणाऱ्या ताई शेजारच्या G रकान्यात रक्कम काढणारं सूत्र लिहितात. चकली 440 रुपये किलो, चिवडा 320, घरपोचचे 50.

```
=D2*440+E2*320+IF(F2="हो",50,0)
```

चाळीस ऑर्डरी आल्या आहेत, म्हणजे माहिती 41व्या ओळीपर्यंत आहे. पुढच्या ऑर्डरींची सोय म्हणून ताई हे सूत्र 200व्या ओळीपर्यंत ओढून ठेवतात. संध्याकाळी नवी ऑर्डर येते: दोन किलो चकली, एक किलो चिवडा, घरपोच. रक्कम 1250 यायला हवी, पण G42 कोरा असतो.

सूत्र पुसलं गेलेलं नसतं. फॉर्म खालच्या मोकळ्या ओळीत लिहीत नाही, तो शेवटच्या उत्तराखाली एक नवी ओळ घुसवतो. त्यामुळे 42व्या ओळीत आधीच भरून ठेवलेलं सूत्र 43वर सरकतं आणि जाताना आपले संदर्भही बदलून घेतं. G43 वर टिचकी मारली तर त्यात D43, E43 दिसतात. सूत्र तर नीटच आहे, फक्त माहितीच्या एक ओळ खाली. पुढच्या ऑर्डरीला ते आणखी एक ओळ खाली जातं. दोनशेऐवजी दोन हजार ओळींपर्यंत ओढलं तरी हेच होणार.

यातली खरी काळजीची गोष्ट अशी की शीट तक्रार करत नाही. कोरा चौकोन बेरजेत शून्यासारखा धरला जातो, त्यामुळे G ची एकूण बेरीज गुपचूप कमी येते आणि पैसे वसूल करायला निघेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून दुसऱ्या पानावर एक तपासणी ठेवावी:

```
=COUNTIFS('Form Responses 1'!A:A,"<>",'Form Responses 1'!G:G,"")
```

वेळ नोंदली गेली आहे पण रक्कम नाही, अशा ओळी ती मोजते. उत्तर शून्य नसेल तर सूत्र कुठेतरी मागे राहिलं आहे.

त्यावरचा पक्का इलाज म्हणजे ओळीओळीला वेगळं सूत्र न ठेवता सगळ्या रकान्यासाठी एकच सूत्र शीर्षकाच्या चौकोनात, G1 मध्ये ठेवणं. फॉर्मच्या नव्या ओळी त्याच्या खाली येतात, त्यामुळे ते जागचं हलत नाही.

```
=ARRAYFORMULA(IF(ROW(A:A)=1,"रक्कम",IF(A:A="",,D:D*440+E:E*320+IF(F:F="हो",50,0))))
```

पहिल्या ओळीत ते शीर्षक लिहितं, A रिकामा असेल तिथे काहीच लिहीत नाही आणि बाकी सगळीकडे रक्कम काढतं. A2:A असं न लिहिता पूर्ण रकाना घेण्यालाही कारण आहे. शीट रिकामी असताना फॉर्मने दुसरीच ओळ घुसवली, तर A2 चं A3 होऊन पहिली ऑर्डर सुटू शकते.

हे सूत्र घालण्याआधी G2 पासून खालचं सगळं पुसावं लागतं. पुढेही त्या रकान्यात कुणी हाताने ‘पैसे मिळाले’ असं लिहिलं, तर सूत्राला पसरायला जागा उरत नाही. मग G1 मध्ये #REF! येतं आणि सगळ्या रकमा एकदम नाहीशा होतात. तो एक शब्द पुसला की त्या परत येतात. अशा नोंदींना H रकाना द्यावा. एकाच ओळीत #VALUE! दिसलं, तर बहुधा ग्राहकाने ‘2 किलो’ असं अक्षरांसकट लिहिलेलं असतं. फॉर्ममध्ये त्या प्रश्नाला फक्त आकडा स्वीकारण्याची अट घातली की हे थांबतं.

एक मर्यादा मात्र आधी माहीत असलेली बरी. समजा गटाने ठरवलं की पाच किलो किंवा त्याहून जास्त घेणाऱ्यांना घरपोच मोफत. सवयीने AND वापरला, तर तो ओळीओळीने पाहत नाही. सगळा रकाना एकत्र तपासून एकच उत्तर देतो आणि तेच प्रत्येक ग्राहकाला लागू होतं. SUM चंही तसंच. इथे दोन अटींचा गुणाकार करायचा, कारण दोन्ही खऱ्या असतील तरच तो 1 येतो. वरच्या सूत्रातला शेवटचा IF काढून त्या जागी हा तुकडा बसवायचा:

```
IF((F:F="हो")*(D:D+E:E<5),50,0)
```

दर बदलतानाही सांभाळावं लागतं. 440 चे 460 केले की आधीच ठरलेल्या ऑर्डरींच्या रकमाही त्याच क्षणी बदलतात. जुन्या ग्राहकांना जुना दर द्यायचा असेल, तर A मधल्या तारखेची अट सूत्रातच घालावी लागते.